ऐंशी टक्क्यांच्या रेषेवर बसलेला माल कोणत्या गटात घालायचा?

प्रश्न: काका, आमचं इंदूरला महाराणी रोडवर इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. वर्षभराची विक्री एक्सेलमध्ये उतरत्या क्रमाने लावली आणि ए-बी-सी गट पाडले. विक्रीची चढती बेरीज ८० टक्क्यांपर्यंत ए, ९५ पर्यंत बी, उरलेला सी. मॉड्युलर स्विच चौथ्या नंबरवर असूनही बी मध्ये गेले. बाबा म्हणतात, ज्या मालाशिवाय शटर उघडू नये तो बी मध्ये कसा? फॉर्म्युला चुकला की बाबा?

उत्तर: बाबांचं बरोबर आहे, फॉर्म्युला चुकलाय. ही चूक जवळजवळ प्रत्येकाच्या हातून पहिल्यांदा होते, कारण आकडे बरोबर असतात आणि बेरीजही जुळते. बिघडलेली असते ती शेवटच्या पायरीवरची एक छोटी तुलना.

तुमच्या दुकानात सातशे-आठशे आयटम असतील. एवढ्या यादीत ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अकरा ओळींचं छोटं दुकान मांडतो. आकडे सोयीचे घेतलेत. वर्षाची विक्री पन्नास लाख, सगळी जीएसटी वगळून.

| माल | विक्री (रु.) | वाटा % | चढती बेरीज % |
|---|---|---|---|
| वायर १.५ चौ.मिमी | १६,००,००० | ३२ | ३२ |
| सीलिंग फॅन | ११,००,००० | २२ | ५४ |
| वायर १ चौ.मिमी | ७,५०,००० | १५ | ६९ |
| मॉड्युलर स्विच | ७,००,००० | १४ | ८३ |
| एलईडी बल्ब | ३,००,००० | ६ | ८९ |
| एमसीबी | २,००,००० | ४ | ९३ |
| पीव्हीसी पाइप | १,५०,००० | ३ | ९६ |
| कूलरचा पंप | १,००,००० | २ | ९८ |
| इन्सुलेशन टेप | ५०,००० | १ | ९९ |
| होल्डर | ३०,००० | ०.६ | ९९.६ |
| सीलिंग रोज | २०,००० | ०.४ | १०० |

तुम्ही बहुतेक असा फॉर्म्युला लावला असणार. B मध्ये विक्री, C मध्ये चढती बेरीज, D मध्ये तिचा टक्का, E मध्ये गट:

```
C2: =SUM(B$2:B2)
D2: =C2/SUM(B$2:B$12)
E2: =IF(D2<=0.8,"A",IF(D2<=0.95,"B","C"))
```

आता स्विचच्या ओळीवर बोट ठेवा. वरचे तीन माल मिळून ६९ टक्के होतात. स्विचचे १४ मिळवले की ८३. हे ८० च्या पुढे गेलं, म्हणून फॉर्म्युल्याने स्विच बी मध्ये टाकले. पण मग तुमच्या ए गटात विक्री किती राहिली? फक्त ६९ टक्के. ऐंशी टक्के विक्री ज्या मालातून येते तो ए, असं ठरवून आपण बसलो होतो आणि गट ६९ वरच बंद झाला. स्विचशिवाय ऐंशी गाठताच येत नाही, म्हणजे स्विच ए मध्येच हवेत.

म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे. "या मालासकट बेरीज किती झाली" असं विचारू नका. "या मालाच्या आधी बेरीज किती झाली होती" असं विचारा. आधीची बेरीज ८० च्या आत असेल तर गट अजून भरलेला नाही, तेव्हा हा माल त्यात जातो. स्विचच्या आधी ६९ आहे, म्हणून ए. बल्बच्या आधी ८३ आहे, म्हणून बी. पाइपच्या आधी ९३ आहे, म्हणून तोही बी. तुमच्या फॉर्म्युल्यात तो ९६ दाखवून सी मध्ये घसरला असता. पंपापासून पुढे सगळा सी.

फॉर्म्युल्याची परीक्षा घ्यायची असेल तर टोकाचं उदाहरण द्या. समजा, एखाद्या महिन्यात एका ठेकेदाराने इतकी वायर उचलली की त्या महिन्याची ८५ टक्के विक्री एकट्या वायरची झाली. तुमचा फॉर्म्युला पहिल्याच ओळीत ८५ पाहील, वायरला बी देईल आणि ए गट रिकामा राहील. दुकानातला सगळ्यात मोठा माल दुसऱ्या गटात आणि पहिल्या गटात कोणीच नाही! असं दिसलं की तुलना उलटी बांधली आहे हे समजून घ्यायचं.

मी स्वतः हे असं लिहितो:

```
C2: =SUMIF(B$2:B$12,">"&B2)/SUM(B$2:B$12)
D2: =IF(C2<0.8,"A",IF(C2<0.95,"B","C"))
```

पहिली ओळ म्हणते, माझ्यापेक्षा जास्त विकलेल्या सगळ्या मालाची बेरीज करा आणि एकूण विक्रीने भागा. म्हणजे नेमकी "माझ्या आधीची" बेरीज. याचे दोन फायदे आहेत. यादी उतरत्या क्रमाने लावावीच लागत नाही, ती नावाच्या क्रमाने असली तरी चालते. दुसरं, दोन मालांची विक्री अगदी सारखी असेल तर दोघांच्या आधीची बेरीजही सारखीच निघते आणि दोघे एकाच गटात बसतात. चढत्या बेरजेच्या पद्धतीत मात्र सारख्या विक्रीचे दोन माल रेषेच्या दोन बाजूंना पडू शकतात, आणि कोण कुठे जाईल हे केवळ यादीत कोण आधी आलं यावर ठरतं.

क्रम लावावा लागत नाही हा फायदा मला फार मोलाचा वाटतो, कारण मी त्यात पोळलोय. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानावर बसायला लागलो तेव्हा एकदा फक्त विक्रीचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट केला. एक्सेलने शेजारचे कॉलम सोबत घ्यायचे का, असं विचारलंही होतं. मी घाईत नको म्हटलं. आकडे उतरत्या क्रमाने लागले आणि नावं जागच्या जागी राहिली. खिळ्यांची विक्री कड्या-कोयंड्यांच्या नावावर गेली. कळलं दोन आठवड्यांनी, गोदामात कोयंड्यांची पेटीवर पेटी चढली तेव्हा. तेव्हापासून मूळ यादीला हात लावत नाही.

या फॉर्म्युल्यात एक खाच आहे, तीही सांगतो. बिलातली रक्कम जीएसटीसकट असेल आणि तुम्ही १.१८ ने भागून मूळ रक्कम काढली असेल, तर सेलमध्ये दशांश चिन्हानंतर लांबलचक शेपूट राहतं. `">"&B2` लिहिताना एक्सेल त्या आकड्याचा मजकूर करतो आणि पंधरा अंकांपुढचं कापतो. मग कधी कधी माल स्वतःलाच स्वतःपेक्षा मोठा समजतो आणि आपली स्वतःची विक्री "आधीच्या" बेरजेत धरून बसतो. रेषेजवळचा मोठा माल यामुळे खाली सरकतो आणि कारण सापडता सापडत नाही. उपाय सोपा आहे, F मध्ये जीएसटीसकट रक्कम असेल तर B मध्ये पूर्ण रुपये असे काढा:

```
=ROUND(F2/1.18,0)
```

तपासायलाही सोपं आहे. सगळ्यात मोठ्या मालाच्या ओळीत C मध्ये शून्य यायलाच हवं, कारण त्याच्या आधी कोणी नाही. शून्य नसेल तर हेच झालंय. पण पहिली ओळ सुटली म्हणून बाकीच्या सुटल्या असं नाही, तेव्हा पूर्ण रुपये करणं टाळू नका.

हा झाला फॉर्म्युला. पण बाबांनी जे बोट ठेवलं त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती फॉर्म्युल्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. माझ्या तक्त्यात १.५ ची वायर एका ओळीत आहे. तुमच्या बिलिंगच्या यादीत ती तशी नसणार. तिथे लाल, काळी, हिरवी, पिवळी, निळी अशा पाच ओळी असतील, प्रत्येक ९० मीटरच्या कॉइलची. समजा सोळा लाख असे फुटले: लाल ४.८ लाख, काळी ४.५, हिरवी २.७, पिवळी २.२, निळी १.८. आता दुरुस्त केलेल्या फॉर्म्युल्यानेच गट पुन्हा पाडा.

सगळ्यात वर फॅन येतो, मग १ ची वायर, मग स्विच. इथवर ५१ टक्के. लाल आली की ६०.६, काळी आली की ६९.६. आता बल्बचा नंबर. त्याच्या आधी ६९.६ आहे, म्हणजे बल्ब ए मध्ये! मघाशी तो बी मध्ये होता. बल्बाची विक्री एका रुपयाने वाढलेली नाही. फक्त वायर पाच ओळींत वाटली गेली आणि बल्ब वर सरकला. त्याच्या पाठोपाठ हिरवी वायर, तिच्या आधी ७५.६, म्हणून ती ए मध्ये. तिच्यासकट ८१ झाले, तेव्हा पिवळी आणि निळी दोन्ही बी मध्ये.

कागदावर यात काही खोट नाही. काउंटरवर आहे. तुमच्याकडे वायरिंगचं काम करणारा मिस्त्री चिठ्ठी घेऊन येतो, तेव्हा तो "निळी" मागत नाही. थ्री-फेजचं काम असलं की लाल, पिवळी, निळी फेजसाठी, काळी न्यूट्रलसाठी आणि हिरवी अर्थिंगसाठी, असा पाचही रंगांचा जोड मागतो. निळी संपली असेल तर तो चार रंग तुमच्याकडून घेऊन पाचवा शोधत फिरत नाही. चिठ्ठी परत खिशात घालतो आणि शेजारच्या दुकानात जातो. सोबत स्विच, एमसीबी आणि पाइपही जातात. महाराणी रोडवर शेजारचं दुकान दहा पावलांवर असतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. बी मध्ये टाकलेल्या निळ्या वायरने ए मधली लाल विक्री घालवली असं होतं ते.

म्हणून गट पाडण्याआधी ठरवा की एक "माल" म्हणजे काय. माझा नियम असा की गिऱ्हाईक जे एका दमात एकत्र मागतं आणि एक नसलं की बाकीचं सोडून जातं, ते एका ओळीत आणायचं. वायरचे रंग एकत्र, पण १ आणि १.५ ची जाडी वेगळी, कारण १.५ नसेल तर कोणी १ घेऊन काम भागवत नाही आणि १ चं गिऱ्हाईक १.५ साठी अडून राहत नाही. स्विचमध्ये एकाच मालिकेतले स्विच, सॉकेट आणि प्लेट एकत्र. फॅनचे रंग मात्र मी वेगळे ठेवतो, कारण पांढरा नसेल तर लोक आयव्हरी घेतात.

एक्सेलमध्ये यासाठी बिलिंगच्या यादीशेजारी एक जादा कॉलम करा आणि प्रत्येक ओळीला कुटुंबाचं नाव द्या, "वायर १.५", "स्विच अमुक मालिका" असं. मग पिव्हट टेबलने कुटुंबवार बेरीज काढा आणि गट त्या बेरजेवर पाडा. सातशे ओळींना नावं द्यायला दोन संध्याकाळ लागतील. हे काम बाबांना शेजारी बसवून करा, कारण काय कशाबरोबर जातं हे त्यांना तोंडपाठ असतं आणि तुम्हाला नसतं. गट कुटुंबाला मिळाला की आतल्या रंगांची ऑर्डर त्यांच्या आपापल्या खपाच्या प्रमाणात द्यायची. निळी ए मध्ये आली म्हणून लाल इतकीच निळी भरायची नाही. सोळात १.८, म्हणजे नऊ कॉइलमागे जेमतेम एक. पण ती एक रॅकवर असलीच पाहिजे.

आता ८० आणि ९५ या आकड्यांबद्दल. जनरल इलेक्ट्रिकच्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये मालाच्या साठ्यासाठी ही ए-बी-सी विभागणी मांडली, आणि त्यामागे इटलीच्या पारेतोने मालमत्तेच्या वाटणीत पाहिलेली विषमता होती. त्यात ८० हा कुठे कोरलेला नियम नाही. कोणी ७० धरतं, कोणी ७५. मी ८० ने सुरुवात करतो आणि मग रेषेच्या आसपासच्या चार-पाच ओळी डोळ्यांनी बघतो. माझ्या तक्त्यात १ ची वायर साडेसात लाख आणि स्विच सात लाख. यांच्यात पन्नास हजारांचाच फरक आहे. स्विचनंतर मात्र एकदम तीन लाख. हा कडा आहे आणि रेष कड्यावर पडायला हवी. तुमच्या आधीच्या फॉर्म्युल्याने ती साडेसात आणि सातच्या मधून ओढली होती, सपाट जमिनीवर. बाबांना जे खटकलं ते हेच असणार. तुमच्या यादीत ८० च्या जवळ असा कडा ७८ किंवा ८४ वर सापडला तर बेलाशक तिथे रेष ओढा. पण मग ती वर्षभर हलवू नका, नाहीतर गट मालाच्या खपामुळे बदलला की रेष हलल्यामुळे, हे कळणार नाही.

परतीच्या मालाकडे लक्ष द्या. एका वर्षी मार्चअखेर एका ठेकेदाराने आमच्याकडून पंख्यांची मोठी खेप उचलली आणि साइट थांबली म्हणून एप्रिलमध्ये जवळजवळ सगळी परत केली. विक्री जुन्या आर्थिक वर्षात, परती नव्या वर्षात. नव्या वर्षाच्या सुरुवातीच्या यादीत पंख्यांची ती मालिका चक्क उणे दिसत होती. उणे आकडा आला की एकूण बेरीज कमी होते आणि खालच्या मालाचा चढता टक्का शंभराच्या वर जातो. तुमच्या यादीत कुठेही १०० च्या वरचा टक्का दिसला तर उणे ओळ शोधा. ती परती ज्या महिन्यातल्या विक्रीची आहे त्या महिन्यात वळती करा. ते जमत नसेल तर तेवढी ओळ बाजूला काढून हाताने गट द्या.

मोसमी मालासाठी वर्षाचा आकडा फसवा असतो. कूलरचा पंप वर्षाला एक लाख, दोन टक्के, म्हणून सी. पण त्यातले नव्वद हजार एप्रिल, मे, जूनमध्ये विकले गेले असतील आणि त्या तीन महिन्यांची दुकानाची विक्री पंधरा लाख असेल, तर त्या काळात त्याचा वाटा सहा टक्के होतो. म्हणजे वर्षात बल्बाची जी जागा आहे ती उन्हाळ्यात पंपाची. मी मार्चच्या सुरुवातीला मागच्या उन्हाळ्याच्या तीन महिन्यांची वेगळी यादी काढतो आणि मोसमी मालाचा गट त्या यादीवरून ठरवतो. बाकीच्या मालाला वर्षाचाच गट.

राहिला सी गट. सी म्हणजे बिनकामाचा माल, असा समज करून लोक तो भरणं थांबवतात आणि मग सीलिंग रोजसाठी गिऱ्हाईक परत जातं. हिशेब करून बघा. सीलिंग रोज वर्षाला वीस हजारांचे, म्हणजे तीन महिन्यांचा साठा विक्रीच्या भावाने पाच हजारांचा. स्विच वर्षाला सात लाखांचे, म्हणजे एका महिन्याचा साठा अठ्ठावन्न हजारांचा. स्विचचा साठा एका आठवड्याने कमी केला तरी तेरा हजारांच्या वर रक्कम मोकळी होते. सीलिंग रोज दुकानातून पूर्ण हद्दपार केले तरी पाच हजार. म्हणून सी चा माल तीन महिन्यांचा एकदम भरा आणि दोन खोक्यांत ठेवा. पहिलं खोकं रिकामं झालं की ऑर्डर, तोवर दुसऱ्यातून विकायचं. त्याची मोजदाद वहीत रोज करत बसू नका. ए चा माल मात्र दर आठवड्याला प्रत्यक्ष रॅकवर मोजा आणि ऑर्डर थोडी-थोडी, वारंवार द्या. बी महिन्यातून एकदा मोजला तरी पुरे.

विक्रीऐवजी नफ्यावर गट पाडावेत का, असं तुम्ही पुढे विचाराल. वायरवर तुमच्याकडे नफा कमी असणार आणि स्विचवर बराच जास्त, म्हणून नफ्याच्या यादीत स्विच कदाचित पहिले येतील. ती यादी दुकानात समोर काय मांडायचं आणि कशाची शिफारस करायची हे ठरवायला वापरा. साठा किती ठेवायचा आणि पैसा कुठे अडकलाय हे पाहायला विक्रीचीच यादी घ्या.

आता आधी कुटुंबाचा कॉलम भरा, मग दुरुस्त फॉर्म्युला लावा. जुन्या आणि नव्या यादीत ज्या मालाचा गट बदलला तेवढ्याच ओळी वेगळ्या काढून बाबांना दाखवा. वीस-पंचवीस असतील. जिथे ते मान हलवतील तिथे त्या मालाची वर्षभराची बिलं उघडून बघा. बहुतेक वेळा चुकीच्या कुटुंबात घातलेली ओळ किंवा दुसऱ्या महिन्यात गेलेली परती सापडते.